हप्ता वाढला नाही, मग वाढलं काय?

घरकर्जाबद्दल आपल्याकडे दोन वाक्यं फार ऐकू येतात. अकोल्यात अकोट फैलच्या चहाच्या टपरीवर ऐका, नाहीतर अमरावतीच्या वलगाव रोडवर नव्या बांधकामांच्या आसपास ऐका, वाक्यं तीच असतात. पहिलं असं की ‘बँक आधी सगळं व्याज वसूल करते, मुद्दल शेवटी घेते.’ दुसरं असं की ‘आमचा हप्ता वाढला नाही, बँक चांगली आहे.’ पहिलं रागाने म्हटलं जातं, दुसरं समाधानाने. माझं भांडण दोन्हींशी आहे. पहिल्यात बँकेवर नसलेला गुन्हा लादला जातो आणि दुसऱ्यात असलेला गुन्हा माफ होतो.

तिसरं भांडण आपल्याच लोकांशी आहे. ‘सूद हराम आहे, मग त्याचं गणित कशाला शिकायचं?’ असं म्हणून हे लोक विषय बंद करतात. त्यांच्याकडे पुढे येतोच.

आधी गणित. वीस लाखांचं कर्ज, ७ टक्के दर, वीस वर्षं, म्हणजे २४० हप्ते. हप्ता येतो १५,५०६ रुपये. आता पहिल्या महिन्यात तुम्ही बँकेचे किती देणं लागता? पूर्ण वीस लाख. वीस लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं १ लाख ४० हजार, महिन्याचं ११,६६७. हप्त्यातून ते आधी वजा होतं आणि उरलेले ३,८३९ मुद्दलात जमा होतात. दुसऱ्या महिन्यात तुम्ही वीस लाख देणं लागत नाही, १९,९६,१६१ देणं लागता. त्यावर व्याज ११,६४४. हप्ता तोच आहे, म्हणून मुद्दलात ३,८६२ जातात.

पहिल्या आणि दुसऱ्या महिन्याच्या मुद्दलात साधारण २२ रुपयांचा फरक आहे. हे २२ रुपये कुठून आले? तुम्ही पहिल्या महिन्यात जे ३,८३९ फेडले, त्यावरचं एका महिन्याचं व्याज तुम्हाला आता द्यावं लागलं नाही, ते हे २२ रुपये. सगळ्या वेळापत्रकाचं गुपित एवढंच आहे. प्रत्येक महिन्याला तुम्ही जेवढं मुद्दल कमी केलं, त्यावरचं व्याज वाचतं आणि ते पुढच्या मुद्दलात मिसळतं. सुरुवातीला हा ओघ तिळातिळाने वाढतो, शेवटी वेगाने. या कर्जात मुद्दलाचा भाग व्याजाच्या भागापेक्षा मोठा व्हायला १२२वा हप्ता उजाडतो, म्हणजे दहा वर्षं उलटून जातात. अर्धं कर्ज, म्हणजे दहा लाख फिटायला सुमारे तेरा वर्षं आणि तीन महिने लागतात.

हे पाहून माणूस चिडतो आणि म्हणतो, बँक व्याज आधी घेते. पण बँक कोणतंही व्याज ‘आधी’ घेत नाही. त्या महिन्यात जेवढी बाकी आहे तेवढ्याचंच, त्याच महिन्याचं व्याज घेते. सुरुवातीला बाकी मोठी म्हणून व्याज मोठं. पाचव्या वर्षी तुम्ही कर्ज फेडून मोकळे झालात, तर पुढच्या पंधरा वर्षांचं व्याज तुम्हाला द्यावं लागत नाही, कारण ते अजून लागलेलंच नसतं. हा मुद्दा मी का ताणतोय? कारण ‘व्याज तर आधीच गेलं, आता पैसे भरून काय फायदा’ असं म्हणत लोक दहाव्या-बाराव्या वर्षी हाती आलेले पैसे कर्जात भरत नाहीत. फायदा असतो. बाकीवरचा दर पहिल्या वर्षी ७ टक्के असतो तसा पंधराव्या वर्षीही ७ टक्केच असतो. पहिल्या वर्षाअखेर एक लाख जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर जवळजवळ २३ हप्ते कमी होतात. पंधराव्या वर्षाअखेर भरले तर ९ कमी होतात. फरक पडतो तो त्या लाखाला काम करायला किती वर्षं मिळाली याचा, दराचा नाही. आणि बदलत्या दराच्या घरकर्जावर व्यक्तीकडून मुदतीआधी फेडीचा दंड घेता येत नाही, हा नियम बँकांसाठी २०१२ पासून आहे.

तर पहिल्या आरोपातून बँकेला मी मोकळं केलं. आता दुसऱ्या वाक्याकडे.

माझा एक मामेभाऊ अमरावतीत उर्दू शाळेत शिक्षक आहे. त्याने २०२१ मध्ये एका गृहवित्त कंपनीकडून बरोबर वरच्यासारखंच कर्ज घेतलं. वीस लाख, वीस वर्षं, ७ टक्के, बदलता दर. पहिला हप्ता ऑक्टोबर २०२१ चा. तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो वाढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर पोहोचला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. भावाचा दर ७ वरून ९.५ झाला. पण दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जायचे ते १५,५०६ च. तो मला म्हणाला होता, “भाईजान, सगळ्यांचे हप्ते वाढले, आमचा नाही वाढला. अल्लाहचा शुक्र आहे.”

आता हिशेब करू. सोपं व्हावं म्हणून मी धरतो की पहिले १८ हप्ते ७ टक्क्यांनी गेले आणि मार्च २०२३ नंतर दर ९.५ झाला. प्रत्यक्षात दर टप्प्याटप्प्याने वाढतो, त्यामुळे खरी बाकी याहून थोडी जास्तच निघते. १८ हप्त्यांनंतर बाकी राहते १९,२७,३५६. त्यावर ९.५ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज किती? १५,२५८ रुपये. हप्ता १५,५०६. मुद्दलात गेले २४८.

दोनशे अठ्ठेचाळीस रुपये. ज्या माणसाचे पहिल्याच महिन्यात ३,८३९ मुद्दलात जात होते, त्याचे दीड वर्षाने २४८ जायला लागले. या वेगाने कर्ज फिटायला आणखी ५२५ हप्ते लागतात. जवळजवळ ४४ वर्षं. करारात उरले होते २२२ हप्ते.

त्याला हे कळलं कधी? कळलंच नाही. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीचं वार्षिक व्याज प्रमाणपत्र आलं. आयकरासाठी येतं ते. त्यावर वर्षभराचं व्याज १,८२,९६५ आणि मुद्दल ३,१०७ असे आकडे होते. विवरणपत्र भरून देणाऱ्याने ते पाहिलं आणि खूश होऊन सांगितलं की मास्तर, यंदा व्याजाची वजावट चांगली मिळते, दोन लाखांची मर्यादा जवळजवळ भरली. वर्षभरात १ लाख ८६ हजार रुपये भरून घराचे ३,१०७ रुपये फिटले होते, आणि कागद हातात धरून दोन शिकलेली माणसं वजावटीचा आनंद मानत होती. हा माझा आक्षेप आहे. मुद्दलाचा रकाना बाजूलाच होता. तो वाचायचा कोणी?

कंपनीच्या शाखेत मी त्याच्यासोबत गेलो. तिथल्या साहेबांचं उत्तर तयार होतं. “सर, तुमच्यावर बोजा नको म्हणून आम्ही हप्ता वाढवलाच नाही. फक्त मुदत ॲडजस्ट केली.” हा ‘फक्त’ शब्द या व्यवसायातला सगळ्यात महाग शब्द आहे. दर वाढला की सावकाराचं वाढीव घेणं कुठून तरी वसूल होणारच. हप्त्यातून झालं तर ते दिसतं, टोचतं, माणूस भांडायला येतो, दुसऱ्या बँकेत कर्ज हलवतो. मुदतीतून झालं तर पंधरा वर्षं पत्ता लागत नाही. शिवाय हप्ता न वाढल्याने थकबाकी होत नाही, वसुलीचे आकडे छान दिसतात. मुदत वाढवणं कंपनीला सोयीचं आहे म्हणून ती वाढवते. त्याला मेहेरबानीचं नाव देऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.

त्या मार्च २०२३ मध्येच त्याला विचारलं असतं आणि त्याने मूळ तारखेलाच कर्ज संपवायचं ठरवलं असतं, तर हप्ता किती झाला असता? १८,४६५. म्हणजे २,९५९ रुपये जास्त. शिक्षकाच्या पगारात हे जड आहे, अशक्य नाही. त्या हिशेबाने पुढे एकूण ४१ लाख भरावे लागले असते. हप्ता तोच ठेवून ५२५ हप्ते भरले तर ८१ लाख. काही संस्था मुदतीला मर्यादा घालतात, उदाहरणार्थ एकूण ३० वर्षं किंवा निवृत्तीचं वय. ३० वर्षांची मर्यादा धरली तर हप्ता १६,३६१ झाला असता, फक्त ८५५ रुपये जास्त, आणि एकूण भरणा ५६ लाखांच्या जवळ. या तिन्हीत योग्य कोणतं, हे मी सांगणार नाही. ज्याच्या घरात मुलीचं लग्न आहे किंवा आईचं डायलिसिस चालू आहे, तो मुदतच वाढवेल आणि त्यात चूक काही नाही. पण निवड त्याने करायची असते. इथे ती दुसऱ्याच कोणी केली.

ही एकट्या माझ्या भावाची कथा असती तर मी इतकं लिहिलं नसतं. १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेला याच विषयावर सगळ्या बँका आणि वित्त संस्थांसाठी परिपत्रक काढावं लागलं. त्यात आपल्या कामाच्या गोष्टी अशा आहेत. दर बदलला आणि हप्ता किंवा मुदत बदलणार असेल तर कर्जदाराला लगेच कळवायचं. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडं थोडं दोन्ही, हा पर्याय त्याला द्यायचा, आणि कधीही थोडी किंवा पूर्ण रक्कम आधी भरायची मुभा ठेवायची. मुदत अशी वाढवायची नाही की हप्ता महिन्याच्या व्याजालाही पुरणार नाही. आणि दर तिमाहीला एक साधं, समजेल असं पत्रक द्यायचं, ज्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर एवढं तरी असेल. जुन्या कर्जांनाही हे सगळं ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचं होतं.

हप्ता व्याजालाही पुरणार नाही, ही अट कशासाठी, ते भावाच्या आकड्यांवरून लगेच दिसतं. त्याचा दर ९.५ ऐवजी ९.७ झाला असता तर महिन्याचं व्याजच हप्त्याच्या पुढे गेलं असतं. मग दर महिन्याला साडेपंधरा हजार भरूनही कर्ज वाढत गेलं असतं. त्याच्या आणि त्या विहिरीच्या मध्ये दोन दशांशांचं अंतर होतं.

आता आपल्या लोकांबद्दल. हा भाग लिहिताना काही जण नाराज होणार हे मला माहीत आहे.

आपल्या मोहल्ल्यात घरकर्ज ही लपवायची गोष्ट आहे. घेणारे बरेच आहेत, बोलणारे कमी. ज्याने घेतलं तो शरमेपोटी कागद कपाटात खाली ठेवतो. कर्जाबद्दल कोणाला विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं की घेतलंय, आणि कबूल केलं की जुम्म्याच्या नमाजनंतर एखादे चाचा नसीहत करणार. याचा फायदा कोणाला होतो? कर्ज देणाऱ्याला. बाकीच्या समाजात निदान ऑफिसात, बसमध्ये, नात्यात लोक एकमेकांना विचारतात की तुझा दर किती, मुदत किती झाली. आपल्याकडे तो प्रश्नच विचारला जात नाही. व्याज निषिद्ध मानणाऱ्या समाजातला कर्जदार व्याजाबद्दल सगळ्यात कमी माहिती असलेला कर्जदार झाला आहे. ज्याला एक रुपयाही जास्त सूद द्यायचा नाही, त्याने मुद्दलाचा रकाना इतरांपेक्षा जास्त बारकाईने वाचायला हवा.

आणि जे बँकेपासून दूर राहतात ते व्याजापासून दूर राहतात का? माझ्या पाहण्यातले बरेच जण प्लॉटवाल्याकडे, गाडीवाल्याकडे किंवा ओळखीच्या पैसेवाल्याकडे जातात. तिथे ‘व्याज’ शब्द उच्चारला जात नाही. ‘पाच लाख घ्या, वर्षाला दहा टक्के नफा, पाच वर्षांत परत करा.’ हिशेब तोंडी होतो. पाच लाखांवर दहा टक्के म्हणजे वर्षाला पन्नास हजार, पाच वर्षांचे अडीच लाख, एकूण साडेसात लाख, भागिले साठ, हप्ता १२,५००. ऐकायला स्वच्छ. पण यात दहा टक्के शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण पाच लाखांवर धरले आहेत. तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल परत करत आहात. चौथ्या वर्षाअखेर तुमच्याकडे त्याचे लाख-सव्वा लाखच उरलेत आणि नफा मात्र पाच लाखांवर चालू आहे. याच हप्त्याचा घटत्या बाकीवर दर काढला तर तो १७.३ टक्क्यांच्या जवळ येतो. यालाच फ्लॅट रेट म्हणतात. ज्या बँकेला ९.५ टक्क्यांसाठी शिव्या दिल्या, तिच्या जवळजवळ दुप्पट. नाव बदललं, आकडा बदलला नाही, उलट वाढला. शिवाय इथे मधेच पैसे परत केले तर उरलेला ‘नफा’ माफ होईलच असं नाही. बँकेने जे केलं नाही, म्हणजे पुढच्या वर्षांचं आधीच पक्कं करून घेणं, ते खरं तर इथे होतं.

बिनव्याजी मार्ग हवा, हे माझंही मत आहे. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवल्याचं माहिती अधिकारातून समोर आलं. म्हणजे अकोला-अमरावतीच्या माणसाला आजच्या तारखेला तो दरवाजा उघडा नाही. पण जिथे उघडा आहे, उदाहरणार्थ ब्रिटन किंवा पाकिस्तान, तिथे घरासाठी घटत्या भागीदारीचा जो करार वापरतात, त्यातही हेच कोष्टक आहे. बँक आणि तुम्ही मिळून घर घेता, बँकेच्या उरलेल्या हिश्श्यावर तुम्ही भाडं देता आणि दर महिन्याला त्या हिश्श्याचा एक तुकडा विकत घेता. हिस्सा घटतो तसं भाडं घटतं. मालकी कोणाची आणि घर पडलं तर नुकसान कोणाचं, या मुद्द्यांवर उलेमा त्याला कर्जापासून वेगळं मानतात आणि तो फरक खरा आहे. पण महिन्याचा आकडा मांडायला बसलात तर पहिल्या वर्षी भाडं मोठं आणि तुकडा लहान, शेवटच्या वर्षी उलटं, हेच दिसणार. उद्या हा मार्ग आपल्याकडे आला तरी घटत्या बाकीचं गणित शिकल्याशिवाय सुटका नाही.

ते गणित तपासायचं कसं? त्याला सहावीचा भागाकार पुरतो. कर्जाच्या उताऱ्यावरची बाकी घ्या, दराने गुणा, १२०० ने भागा. जो आकडा येईल तो त्या महिन्याचं व्याज. हप्त्यातून वजा करा, उरतं ते मुद्दल. उताऱ्याशी काहीशे रुपयांचा फरक आला तर लगेच चोर-चोर ओरडू नका. अनेक बँका व्याज दिवसांवर मोजतात. वीस लाखांवर ७ टक्क्यांनी जानेवारीच्या ३१ दिवसांचं व्याज ११,८९० होतं आणि फेब्रुवारीच्या २८ दिवसांचं १०,७४०. वर्षाची बेरीज तीच राहते. फरक सतत एकाच बाजूला आणि मोठा येत असेल तर मात्र विचारा की दर केव्हा बदलला आणि भरलेला हप्ता बाकीतून केव्हा वजा होतो. पूर्वी काही संस्था वर्षभराचं मुद्दल वर्षाअखेर एकदाच वजा करायच्या, म्हणजे जूनमध्ये फेडलेल्या पैशांवरही मार्चपर्यंत व्याज. जुना करार असेल तर त्यात हे पाहून घ्या.

उरलेले हप्ते काढायला मोबाइलमधलं कोणतंही स्प्रेडशीट चालतं. पहिली ओळ हप्ता सांगते, दुसरी उरलेले हप्ते:

```
=PMT(7%/12,240,-2000000)
=NPER(9.5%/12,-15506,1927356)
```

दुसऱ्या ओळीत तुमचा दर, तुमचा हप्ता आणि आजची बाकी टाका. उत्तर करारातल्या उरलेल्या हप्त्यांपेक्षा बरंच मोठं आलं तर मुदत वाढली आहे. आणि उत्तराऐवजी `#NUM!` दिसलं तर तुमचा हप्ता व्याजालाही पुरत नाही. तेव्हा त्याच दिवशी शाखेत जा.

शाखेत तोंडी बोलू नका. भावाने लेखी अर्ज दिला. आजची बाकी, आजचा दर, उरलेले हप्ते आणि मूळ करारातले उरलेले हप्ते लेखी द्या, आणि ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे पर्याय द्या, एवढंच त्यात होतं. पोच घेतली. बारा दिवसांत उत्तर आलं. ज्या साहेबांना आधी ‘सिस्टीममध्ये दिसत नाही’ होतं, त्यांना सगळं दिसायला लागलं.

एप्रिल २०२४ मध्ये त्याची बाकी १९,२४,२४९ होती. मूळ तारखेलाच संपवायचं तर आता हप्ता १८,८२८ लागत होता. वर्षभरापूर्वी १८,४६५ मध्ये भागलं असतं. मधल्या वर्षाच्या न कळवण्याची ही किंमत, महिन्याला ३६३ रुपये, पुढची साडेसतरा वर्षं. एवढं त्याला झेपत नव्हतं. त्याने १७,५०० ठरवले. साधारण दोन हजारांची वाढ. उरलेले हप्ते ५१३ वरून २५९ वर आले. दोन हजारांनी एकवीस वर्षं कमी झाली, कारण वाढीचा सगळा पैसा मुद्दलात जातो. जिथे २७२ रुपये मुद्दलात जाणार होते तिथे आता २,२६६ जायला लागले, आठपट. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातली छोटी वाढ इतकं मोठं काम का करते, हे या एका ओळीत आहे.

पुढे २०२५ मध्ये वारं फिरलं. फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर ६.५० वरून ५.५० वर आला. बँकांचे २०१९ नंतरचे बदलत्या दराचे घरकर्ज बाहेरच्या मानकाला, बहुतेक ठिकाणी रेपोला, बांधलेले असतात, त्यामुळे तिथे घट लवकर पोहोचते. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही. त्यांचा स्वतःचा आधारदर असतो. वाढताना तो धावतो आणि उतरताना त्याचे गुडघे दुखतात. भावाला दोन अर्ज करावे लागले, तेव्हा ऑगस्टपासून दर ८.५ झाला.

त्यासोबत कंपनीचं पत्र आलं. यावेळी ते न मागता आलं. दर कमी झाल्यामुळे आपला हप्ता १७,५०० वरून १६,२८८ करण्यात येत आहे, उरलेले हप्ते २४३, काही हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. दर वाढला तेव्हा हप्ता तोच आणि मुदत वाढली. दर उतरला तेव्हा मुदत तीच आणि हप्ता कमी. दोन्ही वेळा बाकी जास्तीत जास्त काळ रेंगाळेल अशीच सोय.

त्याने चौथ्या दिवशी उत्तर दिलं की हप्ता १७,५०० च ठेवा, मुदत कमी करा. त्या हिशेबाने उरतात २०४ हप्ते, आणि एकूण भरण्यात ३ लाख ८५ हजारांच्या आसपास फरक पडतो. मूळ करारात ऑगस्ट २०२५ पासून १९४ हप्ते उरले असते. म्हणजे तो अजून दहा हप्ते मागे आहे. दिवाळीच्या सुटीत शाळेच्या थकीत बिलाचे पैसे मिळाले की त्यातले काही मुद्दलात भरायचे, असं त्याने ठरवलं आहे, आणि तिमाही पत्रक आता तो कपाटात ठेवत नाही, फ्रिजवर चिकटवतो.